चित्र गेलं तरी अक्षरं राहतात

सॉफ्टवेअरच्या नोकरीची मुलाखत आता बऱ्याचदा घरात बसूनच होते. कंपनी पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत असते आणि उमेदवार कराडला किंवा परभणीला आपल्या खोलीत बसलेला असतो. त्याच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या असतात. एकीत झूम, गूगल मीट किंवा टीम्सवरचा व्हिडिओ कॉल, तर दुसरीत ब्राउझरमधला सामाईक एडिटर. कोडरपॅडसारख्या या पानावर उमेदवार जे टाइप करतो ते मुलाखतकाराला त्याच क्षणी दिसतं आणि लिहिलेला प्रोग्रॅम तिथेच चालवूनही बघता येतो. या तासात कोणते प्रश्न येतात याची तयारी सगळे करतात. ऐन उत्तराच्या मध्यावर लाइन गेली तर काय करायचं, याची तयारी मात्र क्वचितच कुणी केलेली असते. ती थोड्या वेळात होण्यासारखी आहे, म्हणूनच हा लेख.

सुरुवातीला एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मुलाखतीत चित्र, आवाज आणि अक्षरं असे तीन प्रवाह एकाच वेळी वाहत असतात आणि त्यांची भूक अगदी वेगवेगळी असते. झूम कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार दोघांच्या कॉलमध्ये चांगल्या चित्राला सेकंदाला सुमारे 600 किलोबिट लागतात आणि चित्र आणखी स्वच्छ हवं असेल तर 1.2 मेगाबिट. नुसत्या आवाजाचं काम 60 ते 80 किलोबिटमध्ये भागतं. एडिटरमधली अक्षरं तर त्याहूनही कितीतरी कमी जागा घेतात, कारण एक कळ दाबली की एक छोटासा संदेश जातो, एवढंच.

प्रवासाची रीतही वेगळी आहे. चित्राचा किंवा आवाजाचा एखादा तुकडा उशिरा पोहोचला तर त्याचा उपयोग नसतो. बोलणं पुढे गेलेलं असतं, म्हणून तो तुकडा सोडून दिला जातो आणि आपल्याला शब्द तुटल्यासारखा ऐकू येतो. अक्षरांचं तसं नाही. पोहोचलं नाही तर ते पुन्हा पाठवलं जातं आणि दोन सेकंद उशिरा आलं तरी ते तेवढंच खरं असतं. म्हणून लाइन खराब होत जाते तसं आधी चित्र जातं, मग आवाज जातो आणि अक्षरं सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. पुढची सगळी तयारी या क्रमावर उभी आहे.

आता घरातली लाइन तपासू. वेग मोजणाऱ्या संकेतस्थळावर 100 मेगाबिटचा आकडा दिसला की लोक निश्चिंत होतात. पण तो आकडा बहुधा डाउनलोडचा असतो आणि आपला चेहरा, आपला आवाज जातो तो अपलोडच्या वाटेने. शिवाय तो आकडा काही सेकंदांची सरासरी सांगतो. मुलाखतीला त्रास होतो तो मध्येच येणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या खंडांचा आणि ते सरासरीत लपून जातात. म्हणून वेगापेक्षा लाइनचा स्थिरपणा मोजावा. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी एकामागून एक चालवायच्या:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

लिनक्स किंवा मॅकवर `-n` ऐवजी `-c` लिहायचं. पहिली ओळ आपल्याच घरातल्या राउटरला शंभर हाका मारते. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो `ipconfig` या आज्ञेने निघणाऱ्या यादीत `Default Gateway` समोर दिसतो. दुसरी ओळ घराबाहेर, गूगलच्या सर्व्हरपर्यंत जाते. प्रत्येक हाकेला ओ यायला किती मिलिसेकंद लागले आणि शंभरातल्या किती हाका हरवल्या, हे शेवटी दिसतं. तपासणी मुलाखतीच्या आदल्या दिवशी, मुलाखतीच्याच वेळी आणि जिथे बसणार त्याच जागेवरून करावी.

समजा, कराडमधलं दोन खोल्यांचं घर आहे. राउटर बाहेरच्या खोलीत दाराच्या वर बसवलेला आणि अभ्यासाचं टेबल आतल्या खोलीत. पहिल्या चाचणीत राउटरकडूनच काही उत्तरं 3 मिलिसेकंदांत आली, काही 250 लागून आली आणि शंभरातल्या सहा हाका हरवल्या. याचा अर्थ स्पष्ट आहे. बिघाड कंपनीच्या लाइनमध्ये नाही, तो मधल्या भिंतीत आहे. इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. टेबल बाहेर न्यावं किंवा राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल ओढावी. दहा मीटरची तयार केबल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते आणि वाय-फायच्या बहुतेक तक्रारी ती एका फटक्यात संपवते. लॅपटॉपला केबलचं भोक नसेल तर यूएसबीला जोडायचा ॲडॉप्टर लागतो. केबल शक्यच नसेल आणि राउटर त्याच खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय निवडावं. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि ब्लूटूथ या सगळ्यांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच लुडबुड करतो. मात्र 5 गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीपलीकडे लवकर मंदावते, हेही ध्यानात ठेवावं.

उलट पहिली चाचणी स्वच्छ आली आणि दुसरीत हाका हरवल्या, तर दोष घराबाहेरचा आहे. शंभरात एखादी हरवली तर कानाला कळतही नाही, कारण कॉलची प्रणाली तो खळगा भरून काढते. पाच-सात हरवू लागल्या की शब्द गिळले जातात. अशा वेळी मुलाखत मोबाइलच्या डेटावरून द्यावी किंवा वेळ बदलून मागावी.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी असते. दोन्ही चाचण्या उत्तम येतात आणि मुलाखतीच्या मध्यावर मात्र सगळं अडखळतं. बहुतेक वेळा घरातल्या कुणाचा तरी फोन लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवत असतो. टोलनाक्यावर मालट्रकची रांग लागली की मागची रुग्णवाहिकाही थांबते, तसा आपला आवाज त्या व्हिडिओंच्या मागे राउटरमध्ये तुंबतो. काही हरवत नाही, पण 20 मिलिसेकंदांत येणारं उत्तर पाचशे-सहाशेवर जातं. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांपर्यंत असेल तर संभाषण सहज चालतं, असं दूरसंचाराचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. त्याच्या बरंच पुढे गेलं की दोघं एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात आणि मुलाखतकाराला वाटतं की उमेदवार मध्येच तोडून बोलतोय. उपाय तासाभरापुरता आहे. घरातल्या फोनांचं वाय-फाय बंद ठेवायला सांगावं, आपल्या लॅपटॉपवरचं वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह थांबवावं आणि विंडोजमध्ये त्या वाय-फायला `Metered connection` ठरवावं, म्हणजे मोठी अपडेट सहसा मध्येच उतरायला लागत नाहीत.

दुसरी वाट आदल्या दिवशीच चालून बघितलेली हवी. मोबाइलचा डेटा लॅपटॉपला देताना वाय-फाय हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलने दिलेला बरा, कारण मधली एक लहर कमी होते आणि फोनचं चार्जिंगही होत राहतं. इथे एक खाचखळगा आहे. फोनमध्ये दोन सिम असतील, डेटा एकावर असेल आणि मुलाखतीच्या वेळी दुसऱ्या सिमवर कॉल आला, तर बऱ्याच फोनांत तेवढा वेळ डेटा थांबतो. व्होएलटीई चालू नसेल तर एका सिमवरही तेच होतं, कारण कॉल घेण्यासाठी फोन 4जी सोडून जुन्या जाळ्यात उतरतो. त्यामुळे जे सिम डेटाचं नाही ते सेटिंगमधून बंद करावं आणि व्होएलटीई चालू आहे ना हे बघून घ्यावं.

आपल्याकडे लाइन जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे वीज. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. बहुतेक घरगुती राउटर 12 व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी पुस्तकाएवढा छोटा यूपीएस मिळतो. फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवरच्या डब्यालाही तोच आधार द्यायला विसरू नये, नाहीतर राउटर जिवंत आणि लाइन मेलेली, अशी गत होते. काही भागांत देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार ठरलेला असतो. कंपनीने वेळ विचारली की तो वार आधीच टाळावा. फायबरच्या डब्यावर `LOS` नावाचा लाल दिवा लागला असेल, तर घराबाहेरून येणारा प्रकाशच थांबलेला आहे. मग राउटर चालू-बंद करत बसू नये, थेट मोबाइलकडे वळावं.

कॅमेरा आणि माइकबद्दल थोडक्यात. उजेड समोरून यावा. पाठीमागे खिडकी असली की कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणायला लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं पुरतात. इअरफोन मात्र वायरचेच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. ब्लूटूथच्या हेडफोनचा माइक चालू झाला की अनेक हेडफोन आवाजाचा दर्जा खाली आणतात, शिवाय त्यांची बॅटरी संपू शकते. लॅपटॉपचा स्वतःचा माइक कळफलकाजवळ असतो, त्यामुळे टाइप करताना समोरच्याला खटखटच जास्त ऐकू येते.

आता एडिटर. दोन माणसं एकाच पानावर एकाच वेळी टाइप करत असताना गोंधळ कसा होत नाही, यामागची कल्पना जुनी आहे. क्लॅरन्स एलिस आणि सायमन गिब्ज या दोन संशोधकांनी ती 1989 मध्ये मांडली. समजा, ओळीत `abc` आहे. तुम्ही सुरुवातीला `x` घातलात आणि त्याच क्षणी मुलाखतकाराने तिसरं अक्षर खोडलं. त्याच्या दृष्टीने तिसरं अक्षर `c` होतं. पण तुमच्या पानावर आता `xabc` आहे आणि तिसऱ्या जागी `b` आलं आहे. त्याची आज्ञा जशीच्या तशी पाळली तर भलतंच अक्षर जाईल. म्हणून प्रणाली ती आज्ञा एक जागा पुढे सरकवते, चौथं अक्षर खोडते आणि दोघांकडेही `xab` उरतं. पुढे यावर बरंच काम झालं, वेगळ्या पद्धतीही आल्या, पण सामाईक एडिटर साधारण अशाच हिशेबावर चालतो.

या हिशेबाची एक मर्यादा आहे. तो अक्षरं जुळवतो, अर्थ जुळवत नाही. तुमची लाइन तुटलेली असताना तुम्ही एक ओळ बदलत राहिलात आणि पलीकडे मुलाखतकाराने त्याच ओळीत इशारा म्हणून काही लिहिलं, तर जोडणी परत आल्यावर दोन्ही बदल एकमेकांत घुसतील. अक्षर एकही हरवणार नाही, पण ओळ निरर्थक झालेली असेल. काही साधनं तुटलेल्या काळातलं टाइप केलेलं सांभाळून ठेवतात, तर काहींत पान रिफ्रेश केलं की ते नाहीसं होतं. म्हणून एडिटरच्या कोपऱ्यात जोडणी तुटल्याची सूचना दिसली की त्यात टाइप करणं थांबवावं. सगळं निवडून कॉपी करावं, नोटपॅडमध्ये ठेवावं आणि मगच पान रिफ्रेश करावं.

मुलाखत नीट चालू असतानाची माझ्या मते सर्वांत मोलाची सवय म्हणजे पानाच्या डोक्यावर चार-पाच ओळींची नोंद ठेवणं. समजा, प्रश्न असा आहे: काही बैठकांच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा दिल्या आहेत, ज्या एकमेकींवर चढतात त्या जोडून एक करा. कोड लिहायच्या आधी हे लिहावं:

```python
# Input : [[1,4],[3,6],[8,9]]
# Output: [[1,6],[8,9]]
# Plan  : sort by start; if start <= last end, extend
# Done  : sorting
# Left  : merge loop, empty list
```

पहिल्या दोन ओळींनी प्रश्न दोघांना सारखाच समजला आहे ना, हे कळतं. तिसरी ओळ विचार सांगतो. शेवटच्या दोन ओळी काम पुढे जाईल तशा बदलत राहायच्या. त्याला पाच सेकंदही लागत नाहीत. बाविसाव्या मिनिटाला आवाज गेला, तरी मुलाखतकार पानावर वाचू शकतो की वर्गवारी झाली आहे, जोडणीचा लूप बाकी आहे आणि यादी रिकामी असेल तर काय होईल याचं भान उमेदवाराला आहे. त्याच्यासमोर अर्धवट कोड नसतो, सलग विचार असतो.

बाकीच्या सवयी लहान आहेत. चुकलेला भाग लगेच खोडू नये, त्याला टिप्पणी करून खाली सरकवावा. मुलाखतकार कदाचित तोच वाचत असतो. तो टाइप करत असताना आपला हात कळफलकावरून काढावा. प्रोग्रॅम चालवण्याआधी काय उत्तर अपेक्षित आहे ते तोंडाने सांगावं. बाहेरून काही चिकटवायचं असेल तर आधी विचारावं, कारण अशी अनेक साधनं कळांची पूर्ण नोंद ठेवतात आणि ती नंतर चित्रफितीसारखी पुन्हा चालवून बघता येते. अचानक उमटलेल्या दहा ओळी त्यात ठळक दिसतात. मराठी टाइप करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली गेली की कळफलकाची भाषा बदलते आणि कोडमध्ये देवनागरी उमटू लागते. तासाभरासाठी फक्त इंग्रजी कळफलक ठेवलेला बरा. आणि `Ctrl+W` ने ब्राउझरचा उघडा टॅबच बंद होतो, हे ज्यांच्या बोटांना दुसऱ्या एडिटरची सवय आहे त्यांनी विसरू नये.

आता प्रत्यक्ष लाइन गेल्याचा क्षण. पहिला प्रश्न असा, की बिघाड कुणाकडे आहे? इथे पडद्यावरच्या आपल्या स्वतःच्या चित्रावर विसंबू नये. ते थेट कॅमेऱ्यातून येतं, इंटरनेटवरून फिरून येत नाही; म्हणून लाइन मेली तरी आपण स्वतःला छान हलताना दिसतो. मुलाखतकाराचं चित्र गोठलं तर आपलं डाउनलोड किंवा त्याचं अपलोड बिघडलेलं असू शकतं. कोणतंही दुसरं पान उघडून बघावं. ते उघडलं नाही तर दोष आपल्याकडे आहे.

मग उतरंडीने खाली यावं. आवाज तुटू लागला की लगेच, न विचारता, आपला कॅमेरा बंद करावा आणि ते सांगावं. अपलोडचा मोठा भार तिथेच उतरतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. समोरच्याचं चित्रही भार टाकत असेल तर त्यालाही कॅमेरा बंद करायची विनंती करावी. समजूतदार मुलाखतकार याचं वाईट वाटून घेत नाही. आवाजही गेला तर अक्षरांकडे यावं. एडिटरमध्ये सूचना दिसत नसेल, म्हणजे तो अजून जोडलेला असेल, तर तिथेच लिहावं:

```python
# Audio lost. Switching to phone data, back in 2 min.
```

ही एक ओळ लिहून न सांगता गायब होणं आणि सांगून जाणं यांत फार फरक पडतो. पलीकडे बसलेल्या माणसाला आपण दिसत नसतो. रिकाम्या खिडकीकडे बघत तो अंदाज बांधत असतो. त्याला वेळ सांगितली की तो तेवढा वेळ निवांत थांबतो.

ओळ लिहिली की फोनची केबल लावावी, वाय-फाय बंद करावं आणि कॉलला पुन्हा जोडून घ्यावं. वाय-फाय बंद करणं महत्त्वाचं, कारण ते अर्धमेलं चालू राहिलं तर लॅपटॉप पुन्हा त्याच्याकडे धावतो. जाळं बदललं की लॅपटॉपचा बाहेरचा पत्ता बदलतो, म्हणून कॉल काही सेकंद तुटणारच. घाबरून पुन्हा केबल काढू नये. पूर्ण मिनिटभर काहीच झालं नाही तर फोनवरूनच त्या कॉलमध्ये शिरावं. त्यासाठी कॉलचं ॲप फोनवर आधीच बसवलेलं आणि दुवा फोनवर उघडता येईल असा हवा. आमंत्रणात साध्या फोनने जोडून घेण्याचा नंबर दिला असेल तर तोही कागदावर उतरवून ठेवावा. आवाज फोनवर आणि अक्षरं लॅपटॉपवर, अशा विभागणीतही मुलाखत व्यवस्थित पूर्ण होऊ शकते.

परत आल्यावर माफीची लांब रांग लावू नये. "लाइन गेली होती, आता मोबाइलवर आहे. मी वर्गवारी संपवून लूपवर आले होते, शेवटचं तुम्ही काय ऐकलंत?" एवढं पुरे. शेवटचा प्रश्न मात्र सोडू नये. आपण बोलत राहिलो आणि पलीकडे अर्धा मिनिट काही पोहोचलंच नाही, असं हमखास झालेलं असतं. मुलाखतकारांनीही आपल्या बाजूने एवढं करावं: सुरुवातीलाच पर्यायी नंबर द्यावा आणि तुटलेली मिनिटं तासात धरू नयेत.

आणि सगळंच संपलं, लाइन परत आलीच नाही, तर दहा मिनिटांच्या आत फोनवरून ईमेल पाठवावी. ती ज्यांनी वेळ ठरवली त्यांना लिहावी, मुलाखतकाराचा पत्ता असेल तर त्यालाही. किती वाजता जोडणी तुटली, तेव्हा उत्तर कुठवर आलं होतं, आपण कोणते दोन मार्ग वापरून पाहिले आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपण कधी मोकळे आहोत, एवढंच त्यात असावं. मधल्या वेळात एडिटरचं पान उघडं राहिलं असलं तरी त्यात परत जाऊन उत्तर पूर्ण करू नये. कळांची नोंद वेळेसह राहते आणि मुलाखत संपल्यावर लिहिलेल्या ओळींवर शंका घेतली जाते. उत्तर पूर्ण करायची इच्छा असेल तर तसं ईमेलमध्ये विचारावं आणि होकार आला तरच पाठवावं.